क्विकसॉर्ट: दोन्ही टोकांकडून की एका टोकाकडून? किमती सारख्या आल्या की फरक कुठं पडतो?

रंकाळा_काठ
मंडळी, क्विकसॉर्टच्या पार्टिशनच्या दोन पद्धतींबद्दल विचारायचं आहे. एक होअर यांची, ज्यात दोन बोटं दोन्ही टोकांकडून मध्ये येतात. दुसरी लोमुटो यांची, ज्यात एकच बोट डावीकडून उजवीकडं जातं. आपल्याकडं कॉलेजात बहुतेक ठिकाणी दुसरी शिकवतात, कारण ती फळ्यावर पाच ओळींत बसते.

किमती सगळ्या वेगवेगळ्या असतील तर दोन्हींच्या वेळेत डोळ्यांत भरेल असा फरक दिसत नाही. पण समजा जिल्ह्याची १,२०,००० अर्जांची यादी आहे आणि ती तालुक्याच्या कोडवर लावायची आहे. करवीर, पन्हाळा, शाहूवाडी, कागल, हातकणंगले, शिरोळ, राधानगरी, गगनबावडा, भुदरगड, गडहिंग्लज, आजरा, चंदगड, म्हणजे कोड फक्त १२. इथं लोमुटो पद्धत गुडघे टेकते आणि होअरची आरामात पार होते. दोन्हींत पिव्होट रँडम घेतला तरी हेच. असं का होतं, आणि शिकवताना कोणती पुढं ठेवावी?

ज्या कोडबद्दल बोलतोय तो हा:

```c
int lomuto(int a[], int lo, int hi) {
    int p = a[hi], i = lo;
    for (int j = lo; j < hi; j++)
        if (a[j] < p) swap(a, i++, j);
    swap(a, i, hi);
    return i;   // पुढे (lo, i-1) आणि (i+1, hi)
}
```

```c
int hoare(int a[], int lo, int hi) {
    int p = a[lo + (hi - lo) / 2];
    int i = lo - 1, j = hi + 1;
    for (;;) {
        do i++; while (a[i] < p);
        do j--; while (a[j] > p);
        if (i >= j) return j;   // पुढे (lo, j) आणि (j+1, hi)
        swap(a, i, j);
    }
}
```

ताराराणी_चौक
पिव्होट नीट निवडला नसणार. शेवटचा घटक पिव्होट घेतला की क्विकसॉर्ट झोपतोच. रँडम घ्या, नाहीतर पहिला, मधला आणि शेवटचा यांतला मधल्या किमतीचा घ्या. प्रश्न मिटला.

कोडवाला_करवीर
@ताराराणी_चौक, आधीच लावलेल्या यादीसाठी तुमचं म्हणणं बरोबर आहे, इथं मात्र लागू पडत नाही. सगळ्या किमती ५ असतील तर रँडम पिव्होट काय येईल? ५. तिघांतला मधला काय येईल? ५. निवडायला काही उरतच नाही. आणि धागाकर्त्यानं लिहिलंय की रँडम घेऊनही तेच होतं.

सगळे ५ असलेल्या ॲरेवर लोमुटो काय करतो ते बघा. अट आहे `a[j] < p`. ती एकदाही खरी होत नाही, म्हणून `i` जागचा हलत नाही. शेवटच्या स्वॅपनंतर डाव्या बाजूला शून्य घटक आणि उजव्या बाजूला n-1. पुढच्या फेरीत पुन्हा शून्य आणि n-2. एवढी पायपीट करून प्रत्येक फेरीत जागेवर बसतो तो फक्त एक घटक. एकूण तुलना n(n-1)/2. n एक लाख असेल तर ४,९९,९९,५०,०००, म्हणजे जवळजवळ ५०० कोटी.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
मग `<` च्या जागी `<=` करायचं की. सारख्या किमती डावीकडं जातील.

कोडवाला_करवीर
सगळ्याच डावीकडं जातील. मग डावीकडं n-1 आणि उजवीकडं शून्य. फक्त बाजू बदलली, आकडा तोच. लोमुटोत सारख्या किमतींचा अख्खा गठ्ठा एकाच बाजूला पडतो. कुठल्या, ते चिन्ह ठरवतं.

पंचगंगा_वाचक
होअरमध्ये सारख्या किमतींचं नेमकं काय होतं हे हातानं चालवल्याशिवाय पटत नाही, म्हणून एक छोटा ॲरे दोन्ही पद्धतींनी चालवतो. आठ घटक, इंडेक्स ० ते ७:

```
3 7 3 3 1 3 7 3
```

आधी होअर. मधला इंडेक्स ३, म्हणून पिव्होट ३. डावं बोट इंडेक्स ० वर थांबतं, कारण ३ हा ३ पेक्षा लहान नाही. उजवं बोट इंडेक्स ७ वर थांबतं, कारण तिथला ३ मोठा नाही. दोघांची अदलाबदल होते. ३ च्या जागी ३, वरवर पाहता फुकट काम. पुढं डावं बोट १ वर ७ पाशी थांबतं, उजवं ६ वरचा ७ ओलांडून ५ वरच्या ३ पाशी थांबतं, अदलाबदल. मग डावं २ वर, उजवं ४ वरच्या १ पाशी, अदलाबदल. शेवटी दोन्ही बोटं ३ वर भेटतात आणि फंक्शन ३ परत देतं. ॲरे असा:

```
3 3 1 3 | 3 7 7 3
```

पाच ३ होते. तीन डावीकडं राहिले, दोन उजवीकडं गेले. चार-चारची बरोबर फाळणी.

आता तोच ॲरे लोमुटोतून. पिव्होट इंडेक्स ७ वरचा ३. त्याहून लहान फक्त १ आहे, तो पुढं येतो. शेवटच्या स्वॅपनंतर:

```
1 | 3 | 3 3 3 3 7 7
```

डावीकडं एक, पिव्होट एक, उजवीकडं सहा. उजवा भाग नजरेला लागलेला दिसतो, पण अल्गोरिदमला ते माहीत नाही. पुढच्या फेरीत पिव्होट ७ येतो, पाच तुलना होतात आणि चार ३ वेगळे पडतात. मग त्या चारांसाठी ३+२+१ अशा सहा तुलना. एकूण ७+५+६ = १८.

या १८ पैकी ३ ची ३ शी तुलना किती वेळा झाली ते मोजा. पहिल्या फेरीत चार, शेवटी सहा, मिळून १०. पाच घटकांच्या जोड्या होतात बरोबर १०. म्हणजे सारख्या घटकांची एकही जोडी सुटलेली नाही.

उजळाईवाडी
@पंचगंगा_वाचक, ते १० योगायोगानं आलेत की नेहमी येतात?

पंचगंगा_वाचक
नेहमी येतात. लोमुटोत दोन सारखे घटक कधीही वेगवेगळ्या भागांत जात नाहीत. पिव्होट त्यांच्याहून वेगळ्या किमतीचा असेल तर दोघे एकाच बाजूला पडतात. पिव्होट त्यांच्याच किमतीचा तिसरा घटक असेल तरीही एकाच बाजूला पडतात. त्यांची ताटातूट फक्त एका प्रकारे होते: दोघांपैकी एक स्वतः पिव्होट झाला तर. आणि पिव्होट झाला की त्या फेरीत तो दुसऱ्याशी ताडून पाहिला जातोच. म्हणून प्रत्येक सारख्या जोडीची तुलना एकदा ठरलेली. पिव्होट कसाही निवडा, हा आकडा बदलत नाही.

आता हेच १२ तालुक्यांना लावा. प्रत्येकी १०,००० अर्ज धरू. एका तालुक्यातल्या जोड्या ४,९९,९५,०००. बारा तालुक्यांच्या ५९,९९,४०,०००. म्हणजे साठ कोटी तुलना फक्त सारख्याची सारख्याशी, कागलचा कागलशी आणि आजऱ्याचा आजऱ्याशी. वेगवेगळ्या कोडमधल्या तुलना यात धरलेल्याच नाहीत. होअरमध्ये याच यादीवर पंचवीस-तीस लाखांत काम भागतं, कारण सारखे घटक दोन्ही बाजूंना वाटले जातात आणि बहुतेक जोड्या एकमेकींसमोर येतच नाहीत.

ताराराणी_चौक
पटलं. म्हणजे रँडम पिव्होटनं यादीच्या क्रमाचा त्रास जातो, किमती पुन्हापुन्हा येण्याचा नाही. तरी एक विचारतो. होअरमध्ये ३ ची ३ शी अदलाबदल करणं वाया नाही का? डाव्या बोटाला `a[i] <= p` आणि उजव्याला `a[j] >= p` केलं तर बोटं सारख्या किमती ओलांडून जातील आणि स्वॅप वाचतील.

कोडवाला_करवीर
होअरच्या कोडमध्ये सगळ्यात जास्त वेळा केली जाणारी मोडतोड हीच. करून बघा, सगळे ५ असलेल्या ॲरेवर डावं बोट थांबणारच नाही. `hi` ओलांडून बाहेर जाईल, कारण त्याला अडवणारं काही उरलेलं नाही. मूळ कोडमध्ये सीमेची वेगळी तपासणी लागत नाही, कारण पिव्होट स्वतःच, किंवा आधीच्या स्वॅपनं पलीकडं गेलेला घटक, बोटाला अडवतो. `=` घातलात की तो अडसर काढून टाकला. कधी सेगमेंटेशन फॉल्ट येईल, कधी बोट शेजारच्या मेमरीत काहीतरी मोठं सापडेपर्यंत पळेल आणि तिथं हात घालेल. दुसरी गत जास्त वाईट, कारण प्रोग्रॅम पडत नाही आणि डेटा बिघडतो.

मग लोक `i < hi` अशी तपासणी घालतात. त्यानं पडणं थांबतं, पण डावं बोट थेट उजव्या टोकाला पोचतं आणि फाळणी पुन्हा एकतर्फी होते. म्हणजे होअरचं नाव आणि लोमुटोचा त्रास.

म्हणून ते स्वॅप वाया नाहीत. दोन्ही बोटं सारख्या किमतीला थांबतात आणि प्रत्येक स्वॅपनंतर एकेक पाऊल मध्ये येतात, म्हणूनच ती मध्यावर भेटतात. एक लाख सारखे घटक असतील तर सुमारे १७ पातळ्या, दर पातळीला पन्नास हजारांच्या आसपास स्वॅप, मिळून साडेआठ लाख. तुलना साधारण १९ लाख. ५०० कोटींच्या पुढं हे काहीच नाही.

गूळ_बाजार
माझा प्रश्न जरा वेगळा आहे. वजनकाट्याच्या पावत्या गावाच्या कोडवर लावल्या की एका गावातल्या पावत्यांचा टोकन क्रम उलटसुलट होतो. सारख्या किमतींचाच विषय चाललाय म्हणून विचारतो, होअर वापरलं तर क्रम टिकेल का?

पंचगंगा_वाचक
नाही टिकणार. तुम्ही म्हणताय ती स्थिरता, आणि ती या दोन्ही पद्धतींत नाही. वर बघा, होअरनं इंडेक्स ० आणि ७ वरचे ३ आपसांत बदलले. त्या पावत्या असत्या तर पहिली शेवटी गेली असती. लोमुटोही शेवटच्या स्वॅपमध्ये पिव्होट लांबून उचलून आणतो. क्रम टिकवायचा तर मर्जसॉर्ट वापरा, किंवा तुलना करताना गावाचा कोड सारखा असेल तर टोकन नंबर बघा.

उजळाईवाडी
या दुसऱ्या उपायाचा मूळ प्रश्नाशी थेट संबंध आहे. टोकन नंबर प्रत्येक पावतीचा वेगळा. म्हणजे (गाव, टोकन) अशी जोडी घेतली की सारख्या किमती उरतच नाहीत, आणि मग लोमुटोसुद्धा रँडम पिव्होटवर नीट चालतो. वरचा जोड्यांचा हिशोब शून्यावर येतो. फक्त तुलना थोडी महाग होते, कारण गाव सारखं निघालं की टोकनही बघावं लागतं.

गूळ_बाजार
हे लई कामाचं निघालं. टोकन घालतो.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
१२ कोडसाठी क्विकसॉर्ट लावायचाच कशाला? बारा खाती करा, एका फेरीत मोजा, दुसऱ्या फेरीत जागेवर टाका. संपलं.

रंकाळा_काठ
@शाहूपुरी_तिसरी_गल्ली, कोड १ ते १२ असेच पूर्णांक असतील आणि आधी माहीत असतील तर खरंच तेच करावं. पण लायब्ररीतल्या सॉर्टला फक्त तुलना करणारं फंक्शन मिळतं. किल्ली गावाचं नाव असेल, तारीख असेल, रक्कम असेल. किती किमती पुन्हा येणार हे त्याला आधी कळत नाही. म्हणून पार्टिशननं सारख्या किमती सांभाळणं गरजेचं आहे.

कोडवाला_करवीर
लायब्ररीचा विषय निघालाच आहे तर एक जुनी नोंद सांगतो. जॉन बेंटली आणि डग्लस मॅकिलरॉय यांनी १९९३ मध्ये `qsort` नव्यानं कसं लिहिलं ते मांडलं. त्यात ते सांगतात की पर्याय शोधताना त्यांना बर्कलीत १९८३ साली लिहिलेलं एक `qsort` सापडलं, आणि मोजक्या किमती पुष्कळ वेळा आल्या की त्याला वर्गाच्या प्रमाणात वेळ लागायचा. उदाहरण त्यांनी दिलंय नुसत्या ० आणि १ च्या रँडम ॲरेचं. म्हणजे हा काही फक्त परीक्षेच्या पेपरातला प्रश्न नाही.

मिसळ_आणि_मेमरी
वेळेच्या आधी स्टॅक जातो, ते कोणी बोललं नाही. एका तालुक्याचे १०,००० अर्ज असतील तर लोमुटोत त्या कोडचे सगळे घटक एकाच साखळीत एकेक करून पिव्होट होतात. म्हणजे रिकर्शन किमान १०,००० खोल जाणार. पायथॉनमध्ये मर्यादा मुळात १,०००, त्यामुळं तिथं हे दिसतं:

```
RecursionError: maximum recursion depth exceeded
```

त्यावर लोक `sys.setrecursionlimit` वाढवून मोकळे होतात. ते दुखणं झाकणं झालं.

दुसरा उपाय म्हणजे लहान भागावर रिकर्शन करायचं आणि मोठा भाग लूपमध्ये घ्यायचा. तो चांगला आहे, खोली log n च्या आत राहते. पण लक्षात ठेवा, त्यानं फक्त स्टॅक वाचतो. साठ कोटी तुलना तशाच राहतात. आधी प्रोग्रॅम पडून लगेच कळायचं, आता तो पडत नाही, नुसता चालत बसतो.

उजळाईवाडी
लोमुटोची बाजू कोणीतरी घ्यायला हवी, म्हणून घेतो. एक, ती एकाच दिशेनं जाते, त्यामुळं एकेरी लिंक्ड लिस्टवरही चालते. होअरला मागं येता यायला हवं. दोन, आतला `if` काढून टाकता येतो. दर वेळी `swap(a, i, j)` करायचा आणि त्यानंतर `i += (a[i] < p)` लिहायचं. आजच्या प्रोसेसरवर चुकलेल्या ब्रँचच्या अंदाजाचा दंड मोठा असतो, म्हणून अशी ब्रँच नसलेली लोमुटो वेगळ्या किमतींवर साध्या होअरला मागं टाकू शकते. वेगळ्या किमतींच्या रँडम ॲरेवर होअर सरासरी n/6 स्वॅप करते आणि लोमुटो n/2, हे खरं आहे, पण वेळ काही नुसत्या स्वॅपवर ठरत नाही.

आणि सारख्या किमतींची तिची उणीव एका जादा फेरीत भरून निघते. `<` वापरलं असेल तर पार्टिशननंतर पिव्होटच्या उजवीकडं सगळे त्याच्याइतके किंवा मोठे असतात. त्यातले त्याच्याइतके पिव्होटला चिकटवून घ्यायचे:

```c
int m = lomuto(a, lo, hi), k = m + 1;
for (int j = k; j <= hi; j++)
    if (a[j] == a[m]) swap(a, k++, j);
// पुढे (lo, m-1) आणि (k, hi)
```

पंचगंगा_वाचक यांच्या ॲरेवर पहिल्याच फटक्यात पाचही ३ मधे बसतात आणि उरतात डावीकडं १, उजवीकडं दोन ७.

पंचगंगा_वाचक
हो, आणि या वाटेनं गेलात तर तीन भागांच्या पार्टिशनला पोचता: लहान, सारखे, मोठे. डाइक्स्ट्रा यांच्या डच झेंड्याच्या कोड्याचीच ही मांडणी. तालुक्यांच्या यादीवर ती होअरलाही मागं टाकते. दर फेरीत एक अख्खा तालुका कायमचा जागेवर बसतो. नशीब कितीही फिरलं, दर वेळी टोकाचाच तालुका पिव्होट आला, तरी पहिल्या फेरीत १,२०,०००, मग १,१०,०००, असं करत शेवटी १०,०००. एकूण ७,८०,००० घटकांना भेट आणि प्रत्येक भेटीला फार तर दोन तुलना. होअर मात्र सगळा भाग आजऱ्याचाच उरला तरी तो शेवटपर्यंत अर्धा-अर्धा करत राहते.

पण @उजळाईवाडी, तुमची जादा फेरी किमती सगळ्या वेगळ्या असतील तेव्हाही होते. दर पार्टिशनला उजवा भाग पुन्हा वाचायचा आणि बहुतेक वेळा हाती काहीच नाही.

उजळाईवाडी
ती फेरी गरज असेल तेव्हाच करायची. नवा पिव्होट आपल्या भागाच्या लगेच डावीकडच्या घटकाइतकाच, म्हणजे `a[lo-1]` एवढाच निघाला, तर समजायचं की मागच्या पिव्होटचीच किंमत परत आली. तेव्हाच सारखे गोळा करायचे. pdqsort मध्ये हीच युक्ती आहे, आणि गो भाषेनं आवृत्ती १.१९ पासून `sort` साठी तेच घेतलंय. किमती वेगळ्या असतील तर खर्च दर पार्टिशनला एका जादा तुलनेचा.

मिसळ_आणि_मेमरी
ते `lo` शून्य असताना `a[-1]` वाचू नका म्हणजे झालं. सगळ्यात डावा भाग आहे का ही तपासणी आधी हवी.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
मी अजून एक सुचवतो. लोमुटोतच सारखा घटक आला की एकदा डावीकडं टाका, एकदा उजवीकडं:

```c
if (a[j] < p || (a[j] == p && (t ^= 1))) swap(a, i++, j);
```

`t` हा पार्टिशनच्या सुरुवातीला ०. सगळे ५ असतील तर निम्मे डावीकडं, निम्मे उजवीकडं.

कोडवाला_करवीर
हे चालतं. डावीकडं पिव्होटपेक्षा मोठा कोणी जात नाही, उजवीकडं लहान कोणी जात नाही, म्हणून उत्तर बरोबर येतं. फाळणीही समतोल होते. पण आतल्या लूपमध्ये दुसरी तुलना आली. किल्ली गावाचं नाव असेल तर ती स्वस्त नाही. मला ही युक्ती होअरचाच गुण जास्त किमतीत विकत घेतल्यासारखी वाटते.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
दुसरी तुलना `a[j] < p` खोटं ठरलं तरच होते, दर वेळी नाही. आणि तुलना करणारं फंक्शन ऋण, शून्य, धन असं देत असेल तर एकाच हाकेत दोन्ही कळतं. मला तरी लिंक्ड लिस्टसाठी हेच सोपं वाटतं.

कोडवाला_करवीर
लिंक्ड लिस्टसाठी मान्य. ॲरेसाठी नाही.

ताराराणी_चौक
होअर लिहिताना मुलं अजून कुठं चुकतात? शिकवायचंच असेल तर ते आधी माहीत असलेलं बरं.

पंचगंगा_वाचक
दोन जागा हमखास.

पहिली म्हणजे परत आलेल्या इंडेक्सला पिव्होटची कायमची जागा समजणं. लोमुटोत ती तशी असते, होअरमध्ये नसते. `2 3 1` घ्या. मधला ३ पिव्होट. डावं बोट १ वर, उजवं २ वर, स्वॅप होऊन `2 1 3`. मग डावं २ वर, उजवं १ वर, फंक्शन १ परत देतं. आता लोमुटोच्या सवयीनं (0, 0) आणि (2, 2) लावलंत तर मधला १ तसाच सुटतो आणि उत्तर `2 1 3` राहतं. बरोबर हाक (0, 1) आणि (2, 2).

दुसरी म्हणजे याच कोडमध्ये पिव्होट `a[hi]` घेणं. `1 2` वर चालवा. दोन्ही बोटं इंडेक्स १ वर थांबतात, १ परत येतो, पुढची हाक (0, 1), म्हणजे तीच. कधीच संपत नाही. म्हणून पिव्होट `a[lo]` किंवा खाली गोल केलेला मधला हवा. रँडम घ्यायचा असेल तर निवडलेला घटक आधी `a[lo]` शी बदलून घ्या आणि `a[lo]` च पिव्होट धरा.

मिसळ_आणि_मेमरी
आणि आपल्या कोडमध्ये वर्ग लपलाय का हे घड्याळ न लावता कळतं. तुलना करताना एक काउंटर वाढवा. चार प्रकारचे ॲरे द्या: सगळे वेगळे, सगळे सारखे, नुसते ० आणि १, आणि १२ कोडचा. प्रत्येक n आणि 2n ला चालवा. काउंटर दुपटीहून थोडा वाढला तर ठीक. चौपट झाला तर सारख्या किमती एका बाजूला पडताहेत. १२ कोडच्या ॲरेवर n लहान ठेवलात तर हे नीट दिसणार नाही, दर कोडचे निदान हजारभर घटक असू द्या. तुलनेचं काउंटर `int` मध्ये ठेवू नका, ५०० कोटी ३२ बिटांत मावत नाहीत.

रंकाळा_काठ
सगळ्यांचे आभार. शिकवण्यापुरतं मी असं ठरवतोय: फळ्यावर आधी लोमुटोच, कारण पार्टिशन म्हणजे काय हे तिथं स्वच्छ दिसतं. पण त्याच तासाला सगळे ५ असलेला ॲरे मुलांकडून हातानं चालवून घ्यायचा, आणि मग होअरला जायचं. `3 7 3 3 1 3 7 3` हाच ॲरे दोन्हीकडं वापरतो. १८ मधल्या १० तुलना त्यांनी स्वतः मोजल्या की जोड्यांचा नियम सांगावा लागणार नाही.

ताराराणी_चौक
माझं मत उलटं. मूळ होअर आधी, लोमुटो लिंक्ड लिस्टच्या वेळी. आधी शिकलेलं बोटांत बसतं, आणि नंतर होअर लिहितानाही मुलं (p-1, p+1) च लावतात, वर सांगितलंय तसं.

कोडवाला_करवीर
@रंकाळा_काठ, कुठलीही आधी घ्या, पण होअर शिकवताना मुलांना एकदा मुद्दाम `<=` घालून सगळ्या ५ च्या ॲरेवर चालवायला लावा, ॲरेच्या शेवटी शेजारी एक १०० ठेवून. बोट `hi` च्या पलीकडं जाऊन त्या १०० वर थांबलेलं `i` छापून बघितलं की `=` का नको हे वेगळं सांगायला लागत नाही.